शेअर वर, कँडल लाल : डेली चार्टवरची एक कँडल नीट वाचायची कशी

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला असलेला माझा एक मित्र आहे, त्याने नवीन डिमॅट उघडलंय आणि रोज संध्याकाळी शिफ्ट सुटली की मोबाईलवर चार्ट उघडून बसतो. परवा त्याचा फोन, "भावा, हे अ‍ॅप गंडलंय काय? शेअर दोन टक्के वर दाखवतंय आणि कँडल लाल आहे. दोन्ही कसं खरं असंल?"

दोन्ही खरं असतं आणि अ‍ॅप पण बरोबर असतं. नवीन माणसाला हा प्रश्न पडतोच, कारण आपण रंग बघून "आज वाढला", "आज पडला" असं वाचतो, आणि कँडल मुळात ते सांगतच नाही. तिचा रंग कालच्या भावाशी संबंधित नसतोच. आज सकाळी बाजार उघडला तेव्हाचा भाव आणि आज बंद होतानाचा भाव, एवढ्या दोघांतच तो ठरतो. बंद भाव उघडलेल्या भावाच्या वर असेल तर हिरवी, खाली असेल तर लाल. आणि अ‍ॅपमध्ये नावाशेजारी जो टक्का दिसतो तो मोजलेला असतो कालच्या बंद भावापासून. मोजायची सुरुवातच वेगळी, मग उत्तरं वेगळी येणारच की.

याचं खरं उदाहरण बघायचं तर निफ्टीच्या डेली चार्टवर 3 जून 2024 ला जा. लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल शनिवारी संध्याकाळी आले होते, सोमवारी बाजार उघडला तोच उसळी मारून. आधीच्या शुक्रवारी निफ्टी बंद झाला होता साधारण 22,531 ला आणि सोमवारी पहिलाच आकडा आला 23,338, म्हणजे 807 पॉइंट वर. दिवसअखेर तो 23,264 ला बंद झाला, 733 पॉइंटची वाढ, सव्वातीन टक्के, सगळीकडे आनंदीआनंद. आणि चार्टवर त्या दिवसाची कँडल आहे लाल. कारण 23,338 ला उघडून 23,264 ला बंद, 74 पॉइंट खाली. दिवसाची सगळी वाढ सकाळी सव्वानऊच्या आधीच होऊन गेली होती, त्यानंतर बाजार चालू असताना उलट थोडी घसरणच झाली. ती वाढ कँडलच्या आत नाहीच, ती आहे आधीची कँडल आणि ही कँडल यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, तिलाच गॅप म्हणतात.

आता कँडलचे भाग. एका दिवसाच्या कँडलमध्ये चारच आकडे असतात, ओपन, हाय, लो आणि क्लोज. मोबाईलवर कँडलवर बोट दाबून धरलं की वर O, H, L, C असे चार आकडे येतात, ते वाचायची सवय सुरुवातीलाच लावून घ्या. ओपन आणि क्लोज यांच्यामध्ये जो जाड चौकोन भरलेला असतो ती बॉडी. बॉडीच्या वर जी बारीक रेघ हायपर्यंत जाते ती वरची विक, खाली लोपर्यंत जाते ती खालची विक. कोण शॅडो म्हणतं, कोण शेपटी म्हणतं, वस्तू तीच.

मापं काढायला वजाबाकी पुरते. 3 जूनचा हाय होता 23,339 आणि लो 23,062. बॉडी 74 पॉइंटची. वरची विक जवळजवळ नाहीच, जेमतेम एक पॉइंट, कारण उघडला तोच जवळजवळ हाय, नंतर त्याच्या वर असा गेलाच नाही. खालची विक 23,264 वजा 23,062, म्हणजे साधारण 202 पॉइंट. लाल कँडलमध्ये बॉडीचा खालचा काठ म्हणजे क्लोज, म्हणून खालची विक क्लोजपासून मोजायची. हिरव्या कँडलमध्ये खालचा काठ ओपन असतो, तिथे ओपनपासून. नवखा माणूस इथेच गडबडतो, रंग न बघता वरचा काठ म्हणजे क्लोज असं धरून चालतो आणि सगळं उलटं वाचतो.

हे चार आकडे आपल्या शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यावर बसवून बघा. सकाळी पहिल्या रव्याला काय भाव निघाला, दिवसभरात सगळ्यात चढा काय आणि सगळ्यात उतरता काय, आणि शेवटच्या सौद्याला काय. संध्याकाळी गावाकडं परतलेल्या शेतकऱ्याला एवढं सांगितलं तरी बाजार कसा होता त्याला बराचसा कळतो, पण सगळा नाही, आणि कँडलचं पण असंच आहे.

दुसऱ्याच दिवशी, 4 जूनला मतमोजणी. निफ्टी 23,180 च्या आसपास उघडला आणि तोच दिवसाचा हाय ठरला, लो गेला 21,281 ला आणि क्लोज 21,884 ला. आता हीच कँडल डोळ्यासमोर आणा. वरची विक शून्य. बॉडी जवळपास 1,295 पॉइंटची, लांबलचक लाल. खालची विक 603 पॉइंटची. पूर्ण कँडलची उंची 1,898, म्हणजे त्यातला दोन तृतीयांशाहून थोडा जास्त भाग बॉडीचा आणि उरलेला खालच्या विकचा. बातम्यांत मात्र आकडा होता 1,379 पॉइंटची पडझड, कारण ती आदल्या दिवशीच्या 23,264 पासून मोजलेली. बॉडी 1,295 आणि सकाळचा गॅप 84, बेरीज केली की 1,379 बरोबर येते. माझं तर म्हणणं आहे की ही बेरीज एकदा स्वतःच्या हाताने कागदावर करून बघा, गॅप आणि बॉडी हा फरक परत कधी विसरणार नाही.

बॉडी आणि विक काय सांगतात तेही इथेच स्पष्ट दिसतं. बॉडी सांगते की उघडल्यापासून बंद होईपर्यंत भाव कुठून कुठे सरकला आणि किती. विक सांगते की भाव तिथपर्यंत जाऊन आला पण बंद होताना तिथे नव्हता. 4 जूनला 21,281 पर्यंत भाव गेला, त्या वेळच्या भावाला निफ्टीतले शेअर लोकांनी खरोखर विकले आणि खरोखर घेतले, पण दिवस संपेपर्यंत तो 603 पॉइंट वर आला. एवढंच ठामपणे म्हणता येतं. "खाली खरेदीदार जास्त होते" असं सगळे सर्रास म्हणतात आणि ते मला पटत नाही, प्रत्येक सौद्यात एक घेणारा आणि एक विकणारा असतोच, जेवढे शेअर विकले गेले तेवढेच घेतले गेले. बरोबर म्हणायचं तर खालच्या भावाला विकायला कोणी तयार होईना म्हणून घेणाऱ्यांना वरचा भाव द्यावा लागला.

आता कँडल काय सांगत नाही ते, आणि माझ्या मते सुरुवातीला सगळ्यात जास्त लक्ष यावरच द्यायला पाहिजे. कँडल क्रम सांगत नाही. समजा एक शेअर 482 ला उघडला, हाय 496, लो 474, क्लोज 490. हिरवी कँडल, बॉडी 8 रुपयांची, वरची विक 6, खालची विक 8. आता एक शक्यता अशी की तो सकाळी पहिल्या अर्ध्या तासातच 474 ला गेला, तिथून दिवसभर सावकाश चढत अडीचपर्यंत 496 झाला आणि शेवटी जरा उतरून 490. दुसरी शक्यता, सकाळीच 496 ला धावला, मग दुपारभर पडत पडत पावणेतीनला 474 आणि शेवटच्या पाऊण तासात उचलून 490. पहिला दिवस शांत चढाईचा, दुसरा चांगलाच पोटात गोळा आणणारा, पण डेली चार्टवर दोघांची कँडल तंतोतंत सारखी, एका रेघेचा फरक नाही.

क्रम बघायचा असेल तर तोच दिवस 15 मिनिटांच्या चार्टवर उघडायचा. सव्वानऊ ते साडेतीन म्हणजे 375 मिनिटं, 15 मिनिटांच्या 25 कँडल, त्यात लो आधी झाला की हाय आधी ते लगेच दिसतं. कमी व्यवहार होणाऱ्या लहान शेअरमध्ये हे करणं तर गरजेचंच आहे, कारण तिथे सकाळी सकाळी थोड्याच शेअरचा एखादा सौदा भलत्याच भावाला होतो आणि दिवसाच्या कँडलला लांब विक लागून जाते. 15 मिनिटांच्या चार्टवर ती पूर्ण विक पहिल्याच एका कँडलमध्ये असेल आणि तिथला व्हॉल्यूम नगण्य असेल, तर त्या विकला फार किंमत देऊ नये.

आणखी दोन गोष्टी ज्यामुळे नवीन लोक फसतात. एक म्हणजे दिवस चालू असताना कँडल पूर्ण झालेली नसते. ओपन पक्का असतो, हाय आणि लो फक्त बाहेर सरकू शकतात, पण क्लोजच्या जागी त्या क्षणाचा भाव असतो, त्यामुळे बॉडी सारखी हलते आणि रंग पण बदलतो, अकरा वाजता दिसलेली सुंदर लांब विक तीन वाजेपर्यंत बॉडीत गडप झालेली असते. आणि साडेतीनचा शेवटचा सौदा हाच क्लोज असंही नाही. वर दिलेल्या 2024 च्या दिवसांत एनएसईवर क्लोज काढायची पद्धत अशी होती की 3 ते 3:30 मधल्या सौद्यांचा सरासरी भाव घ्यायचा, ज्या भावाला जास्त शेअर फिरले त्याला जास्त वजन देऊन. म्हणून साडेतीनला बघितलेला आकडा आणि रात्री बघितलेला क्लोज यात थोडा फरक पडायचा, आणि बॉडी अगदी बारीक असली तर तेवढ्यानेही रंग बदलू शकतो.

दुसरी गोष्ट चार्टच्या प्रकाराची. अ‍ॅपमध्ये चुकून हेकिन आशी लागलं असेल तर दिसायला कँडलच असतात पण आकडे सरासरी काढून आलेले असतात, त्या ओपनला किंवा क्लोजला खरा सौदा झालेला असेलच असं नाही. मोजलेली बॉडी आणि अ‍ॅपमधला खरा ओपन-क्लोज जुळत नसेल तर आधी हे तपासा. मित्राला पण मी हेच पहिलं बघायला लावलं, त्याचा चार्ट मात्र साधाच होता आणि शेअर गॅपने उघडलेला.

लांब खालची विक दिसली की "आता तळ लागला" असं सांगणारे खूप भेटतील, पण तोच आकार मोठ्या पडझडीनंतर येतो तसा मोठ्या तेजीनंतरही येतो, आणि एकट्या कँडलवरून पुढचा दिवस कळत नाही. म्हणून आधी झालेलं वाचायला शिका. 5 जून 2024 चे आकडे देतो. ओपन 22,128, हाय 22,670, लो 21,792, क्लोज 22,620, आदला क्लोज 21,884. हिरवी कँडल. बॉडी 492, वरची विक 50, खालची 336. वाढ 736 पॉइंटची, त्यातले 244 सकाळच्या गॅपचे आणि 492 दिवसभरातले. आणि खालची विक आदल्या दिवशीच्या क्लोजच्याही 92 पॉइंट खाली जाऊन आली, म्हणजे सकाळी गॅपने मिळालेली सगळी वाढ दिवसात कधीतरी एकदा पूर्ण पुसली गेली होती. नेमकी किती वाजता, ते बघायला 15 मिनिटांचा चार्ट उघडा.