सुसम बहुभुजाकृतीचे क्षेत्रफळ : टॅन गुणोत्तराची पद्धत

सर्व बाजू आणि सर्व कोन समान असलेल्या बहुभुजाकृतीचे क्षेत्रफळ केवळ बाजूंची संख्या n आणि एका बाजूची लांबी s यांवरून पुढील सूत्राने काढता येते :

A = n·s² / (4·tan(180°/n))

आकृतीच्या केंद्रापासून प्रत्येक शिरोबिंदूपर्यंत रेषा काढल्या की n एकरूप समद्विभुज त्रिकोण तयार होतात. केंद्राशी प्रत्येकाचा कोन 360°/n असतो. केंद्रातून पायावर टाकलेला लंब हा कोन आणि पाया दोन्ही दुभागतो, म्हणून मिळणाऱ्या काटकोन त्रिकोणात केंद्राजवळचा कोन 180°/n आणि त्याच्या समोरील बाजू s/2 असते. टॅन म्हणजे समोरील बाजू भागिले लगतची बाजू. लगतची बाजू हा लंबच असल्यामुळे त्याची लांबी (s/2)/tan(180°/n) येते. तिला पायाने गुणून निम्मे केले की एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ मिळते आणि त्याची n पट म्हणजे वरील सूत्र. n = 4 घेतल्यास tan 45° = 1 असल्याने ते s² एवढेच उरते.

समजा, ३ मीटर बाजूचा सुसम अष्टकोनी चौथरा बांधायचा आहे. येथे tan 22.5° ची किंमत सुमारे ०.४१४२ आहे; अंश ८ × ९ = ७२ आणि छेद ४ × ०.४१४२ = १.६५६८, म्हणून क्षेत्रफळ सुमारे ४३.४६ चौरस मीटर येते.

या पद्धतीतली सर्वांत फसवी चूक कोनाच्या एककाची आहे. गणकयंत्र रेडियनवर असताना २२.५ टाकले तर टॅन सुमारे ०.५५८ आणि क्षेत्रफळ ३२.२६ येते, ही संख्या धन आणि वरकरणी पटण्याजोगी असल्यामुळे शंकाही येत नाही. संगणकाच्या बहुतेक भाषांत टॅनचे फलन रेडियनच घेते, म्हणून पायथॉनमध्ये असे लिहावे :

```
import math
A = n * s**2 / (4 * math.tan(math.pi / n))
```

पडताळणीसाठी परिमितीचा आधार घ्यावा. परिमिती तीच ठेवून बाजूंची संख्या वाढवत नेली तर सुसम आकृतीचे क्षेत्रफळ वाढत जाते, पण त्याच परिघाच्या वर्तुळाइतके कधीच होत नाही. चौथऱ्याची परिमिती २४ मीटर आहे. तेवढ्या परिमितीच्या चौरसाचे क्षेत्रफळ ३६ आणि वर्तुळाचे सुमारे ४५.८४ चौरस मीटर, तेव्हा उत्तर या दोहोंच्या मध्येच यायला हवे. ३२.२६ तेथेच बाद होते. 180°/n ऐवजी 360°/n घेतल्यास येणारे १८ हे उत्तरही असेच पकडले जाते.

मात्र बाजू समान असणे एवढ्यावर सूत्र लागू होत नाही. आठही बाजू ३ मीटर ठेवूनही आकृती तिरपी दाबली जाऊ शकते आणि मग क्षेत्रफळ घटते. प्रत्यक्ष जागेवर म्हणून समोरासमोरच्या बाजूंमधील लंबांतर चारही दिशांनी मोजावे. ते लंबाच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ७.२४ मीटर, भरले पाहिजे.