डाउनलोडला कुलूप, पण नाव कुठं गेलं?

अमळनेरजवळच्या शेतात माझ्या मावसभावाने दोन हिवाळ्यांपूर्वी भरीत पार्टीची रील केली. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचणं आणि वरून त्याची अहिराणी बडबड. महिनाभरात तीच रील धुळ्याच्या एका नातेवाइकाने त्यालाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, खाली ओळ होती, "हाऊ तूच शे का रे भो?" चित्र जरा धुरकट होतं आणि नाव कुठेच नव्हतं. गंमत म्हणजे रीलचं डाउनलोड त्याने आधीच बंद केलेलं होतं.

हे समजायला थोडं मागे जावं लागतं. टिकटॉकवर दुसऱ्याचा व्हिडिओ जतन केला की त्यावर ॲपचं चिन्ह आणि बनवणाऱ्याचं @ लावलेलं नाव उमटायचं. ते एका जागी थांबत नसे. काही सेकंद वरच्या डाव्या कोपऱ्यात, मग खालच्या उजव्या. उद्देश सरळ जाहिरातीचा होता. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तरी पाहणारा परत ॲपवर यावा. पण त्या जाहिरातीच्या पाठीवर बसून बनवणाऱ्याचं नावही गावोगाव फिरत होतं. नाव उड्या मारत असल्याने ते कापायला चित्राच्या दोन्ही टोकांना कात्री लावावी लागे. १०८० बाय १९२० च्या उभ्या चित्रातून वर-खाली दोनशे-दोनशे पिक्सेल काढले तर उंची १५२० उरते. मग आकार तोच राखायचा तर रुंदी ८५५ वर आणावी लागते, आणि पुन्हा पूर्ण पडदा भरायला सगळं सव्वा पट ताणावं लागतं. चेहरा अंगावर येतो, कडा विरघळतात. चोरीची क्लिप ओळखायची ही जुनी खूण आजही चालते.

२९ जून २०२० ला भारतात टिकटॉकवर बंदी आली. जुन्या क्लिपवर नावं तशीच राहिली, पण त्या नावाच्या खात्यापर्यंत जायचा रस्ता इथून बंद झाला. पाट्या राहिल्या, गाव गेलं.

जुलैमध्येच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. लोकांनी आपले जुने व्हिडिओ, टिकटॉकच्या खुणेसकट, तिथे चढवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केलं की दुसऱ्या ॲपची खूण असलेले रील्स शिफारशीत मागे पडतील. हेतू समजण्यासारखा होता, पण उलटा परिणामही झाला. बिनखुणेची प्रत हवी, अशी गरज सगळ्यांनाच पडली. लिंक चिकटवा आणि स्वच्छ फाइल घ्या, म्हणणारी संकेतस्थळं या गरजेवर फोफावली.

ती स्वच्छ फाइल मिळते कुठून? खूण मूळ व्हिडिओत नसतेच. आपण ॲपमधून जतन करतो, त्या वेळी ती नव्या प्रतीच्या चित्रातच भाजली जाते. फोनवर चालू असते ती प्रत कोरी असते. नाव तिच्यावर वेगळ्या थराने दिसतं. बाहेरचं संकेतस्थळ ही कोरी प्रत उचलतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये इन्स्टाग्रामने सार्वजनिक रील डाउनलोड करायची सोय जगभर खुली केली. अशा प्रतीवर खात्याचं नाव येतं, आणि नको असेल तर बनवणारा ती सोय बंद करू शकतो. पण बंद होतं ते ॲपमधलं बटण. आधी उतरवलेल्या प्रती परत येत नाहीत. आणि व्हिडिओ दाखवायचा म्हणजे तो समोरच्याच्या फोनपर्यंत पोचवावाच लागतो. तिथे स्क्रीन रेकॉर्डर तयारच असतो. पैसे भरून पाहायच्या सिनेमाचं रेकॉर्डिंग करू गेलं की बऱ्याचदा पडदा काळा होतो, ते संरक्षण रीलला नसतं.

मावसभावाचं नेमकं इथेच चुकलं, असं मला वाटतं. बटण बंद केल्याने साधा माणूस, जो नावासकट प्रत पुढे पाठवणार होता, तो अडला. ज्याला चोरायचंच होतं त्याने पडदा रेकॉर्ड केला, बाजूचं हृदयाचं चिन्ह आणि खालचं नाव कापलं. आम्ही ती क्लिप थांबवून पाहिली तेव्हा उजव्या कडेला त्या हृदयाची पांढरी रेघ उरलेली सापडली.

त्याने आता डाउनलोड सुरू ठेवलंय. शिवाय बडगीच्या दर्शनी बाजूवर पांढऱ्या ऑइलपेंटने स्वतःचं नाव रंगवलंय, अगदी मधोमध. ते कापायचं तर भरीतही कापावं लागेल.