प्लॅटफॉर्म तिकीट: दोन तास नेमके कधी सुरू होतात, आणि खिडकीवर 'बंद आहे' का सांगतात

रेल्वेचं स्वस्त आणि सर्वात गृहीत धरलेलं तिकीट म्हणजे प्लॅटफॉर्म तिकीट. पूर्वी ते पाच रुपयांना मिळायचं, 1 एप्रिल 2015 पासून दहा रुपये झालं. ओळखपत्र लागत नाही, फॉर्म नाही, फोटो नाही. खिडकीवर मिळतं, मोबाइलवर RailOne ॲपवरही काढता येतं. एका माणसाला एक तिकीट. चौघं सोडायला जाणार असाल तर चार काढा. 'आम्ही एकाच घरातले' हे टीसीपुढे चालत नाही.

इतकं सोपं असूनही लोक दंड भरतात, आणि त्यातले बरेचसे दोन तासांच्या हिशेबात चुकलेले असतात. तिकिटाची मुदत दोन तास आहे, पण ती तुम्ही फलाटावर पाय ठेवल्यापासून नव्हे, तिकीट काढल्याच्या वेळेपासून मोजतात. ती वेळ तिकिटावर छापलेली असते. बहुतेक जण किंमत बघतात, वेळ बघत नाहीत.

समजा, मावशी नागपूरहून येतेय आणि गाडी दादरला संध्याकाळी 6 वाजता पोहोचायची आहे. तुम्ही शहाणपणानं लवकर निघालात, 5 वाजून 20 मिनिटांनी तिकीट काढलंत. गाडी दीड तास उशिरा, म्हणजे साडेसातला आली. तुमचं तिकीट 7 वाजून 20 मिनिटांनी संपलं. मावशीचं सामान उचलून तुम्ही जिन्यावर पोहोचता तेव्हा हातात तिकीट आहे, पण मुदत गेलेली. 'गाडी तुमचीच उशिरा आली' हा युक्तिवाद कितीही खरा असला तरी नियमात त्याला जागा नाही, याचा राग मलाही येतो. उपाय एकच: आधी 139 वर किंवा ॲपवर गाडी आत्ता कुठे आहे ते बघा, मगच तिकीट काढा. काढल्यावर ते रद्द होत नाही. आणि बाहेर पडेपर्यंत टाकू नका, तपासणी बऱ्याचदा बाहेर पडतानाच होते.

दुसरा प्रसंग सोडायला जाणाऱ्यांचा. प्लॅटफॉर्म तिकिटावर गाडीत बसता येत नाही. तरी आजीची बॅग सीटखाली सरकवायला नातू आत शिरतो, आणि गाडी हलते. अशा वेळी उडी मारू नका. आतच थांबा, टीसीला स्वतःहून गाठा आणि प्लॅटफॉर्म तिकीट दाखवा. भाडं आणि वर किमान 250 रुपये दंड भरावा लागेलच, पण ते दहा रुपयांचं तिकीट तुम्ही कुठून चढलात याचा पुरावा ठरतं. कल्याणचं तिकीट असेल तर भाडं कल्याणपासून धरतात. पुरावाच नसेल तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं लावायची कायद्यात सोय आहे. गाडी लांबून आलेली असेल तर फरक खिशाला चांगलाच जाणवतो.

आता खिडकीवरच्या 'बंद आहे'बद्दल. प्लॅटफॉर्म तिकीट मिळणं हा हक्क नाही. फलाट किती माणसं पेलू शकतो ते बघून रेल्वे विक्री मर्यादित ठेवू शकते, दर वाढवू शकते किंवा विक्री पूर्ण थांबवू शकते. करोनाच्या काळात मुंबईत हेच तिकीट 50 रुपयांना होतं, ते गर्दी हटवायलाच. 27 ऑक्टोबर 2024 ला वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या गाडीत चढताना चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर मध्य रेल्वेनं सीएसएमटी, दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस, ठाणे, कल्याण, पुणे आणि नागपूर इथली विक्री 8 नोव्हेंबरपर्यंत थांबवली, म्हणजे दिवाळी आणि छठ दोन्ही त्यात आले. 15 फेब्रुवारी 2025 ला नवी दिल्ली स्थानकावर 18 जणांचा जीव गेल्यावर तिथेही खिडकीवरची विक्री काही दिवस बंद होती.

त्यामुळे दिवाळीच्या, छठच्या आणि उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत 'सोडायला येतो' असं वचन देण्याआधी बातम्या आणि स्थानकाची सूचना बघा. 2024 च्या बंदीत ज्येष्ठ नागरिक आणि आजारी प्रवाशांसोबत येणाऱ्यांना सूट होती. सूट आपोआप मिळत नाही, मागावी लागते. एरवी एकही कागद न लागणाऱ्या या तिकिटासाठी तेवढ्या दिवसांत मात्र प्रवाशाचं तिकीट, वयाचा पुरावा किंवा डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा, आणि म्हाताऱ्या माणसाला बाहेर बसवून एकटे खिडकीवर जाऊ नका. त्यांना सोबत न्या, म्हणजे अर्धं बोलणं वाचतं.

धडधाकट नातलग असेल तर अशा दिवसांत निरोप स्थानकाच्या दारातच घ्या. डबा नंबर आणि सीट नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.