ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली? फवारण्याआधी तिचा माग काढा

रांग दिसताच बहुतेक घरांत ओलं फडकं किंवा फवारा हाती घेतला जातो. आमची विनंती आहे की १५ मिनिटं थांबा. ती रांग पुसली, तर मुंग्या कुठून येतात आणि कशासाठी येतात हे सांगणारा एकमेव पुरावा तुम्ही पुसून टाकता. फवाऱ्याने रांगेतल्या मुंग्या मरतात, पण त्या वारुळातल्या थोड्याच असतात. राणी आणि बाकीचं वारूळ सुरक्षितच राहतं आणि दोन दिवसांत दुसरी रांग लागते.

रांग बनते ती वासाने. एखादी मुंगी भटकत भटकत खाणं शोधते आणि परत जाताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत वासाची रेघ सोडत जाते. त्या वासावरून दुसऱ्या येतात आणि खाणं मिळालं की परतताना तीच रेघ आणखी गडद करतात. रिकाम्या हाताने परतणारी मुंगी सहसा वास सोडत नाही. म्हणून खाणं संपलं की रेघेला नवा वास मिळत नाही आणि ती विरत जाते. काही जातींत हे मिनिटांत होतं, काहींत कित्येक तास लागतात.

माग काढताना टॉर्च तिरपा धरा, म्हणजे मुंग्यांच्या सावल्या पडतात आणि रांग ठळक दिसते. मग एकेका मुंगीकडे नीट पाहा. जिच्या तोंडात कण आहे किंवा जिचं पोट फुगून जरा पारदर्शक दिसतंय, ती घरी निघाली आहे. तिच्या मागे गेलात तर फट सापडेल. उलट दिशेने गेलात तर खाणं सापडेल. दोन्ही टोकं सापडेपर्यंत काही हलवू नका. रांग मध्येच हरवली तर तिथे कागदाच्या तुकड्यावर साखरपाण्याचा एक थेंब ठेवा. थोड्या वेळाने खाऊन परतणाऱ्या मुंग्या वाट दाखवतात.

एका स्वयंपाकघराचं उदाहरण घेऊ. रांग सिंकखालच्या पाइपाभोवतीच्या फटीतून निघाली होती आणि टाइलच्या सांध्यातून वर चढून कपाटात शिरली होती. संशय अर्थातच साखरेच्या डब्यावर होता, पण डबा स्वच्छ आणि घट्ट बंद होता. रांग त्याच्या मागून पुढे गेली होती. शेवटी मधाची बाटली उचलली तेव्हा फळीवर चिकट गोल डाग दिसला. बाटलीच्या आट्यांतून ओघळलेला मध तिच्या बुडाखाली साचला होता. बाटली धुतली, फळी पुसली, तरी दुसऱ्या दिवशी लहानशी रांग पुन्हा दिसली. तिचा माग काढला तर ती शेगडीच्या मागे जात होती, जिथे तेलाचे थेंब आणि काही कण पडले होते. म्हणून पहिली जागा सापडली तरी दुसऱ्या दिवशी परत एकदा पाहा. कचऱ्याच्या डब्याचं बूड, फ्रिजमागे मरून पडलेलं झुरळ, पाळीव प्राण्याचं भांडं या जागा हमखास नजरेतून सुटतात.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी खाणं काढा. मग भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने रांगेची संपूर्ण वाट पुसा, नुसत्या पाण्याने वास नीट जात नाही. स्विचबोर्डजवळ मात्र ओलं फडकं नको. फट शेवटी बुजवा: पाइपाभोवती सिलिकॉन सीलंट, टाइलच्या सांध्यात पांढरं सिमेंट. फट आधीच बुजवली तर आत अडकलेल्या मुंग्या खाणं तर सोडत नाहीतच, शिवाय बाहेर जायला दुसरी वाट शोधतात. एकदोन दिवस चुकार मुंग्या फिरताना दिसतील. त्यांची रांग होत नसेल तर काळजीचं कारण नाही.

काही वेळा मात्र खाणं काढून उपयोग होत नाही. मुंग्या तोंडात पांढरे दाणे घेऊन चालल्या असतील तर ती त्यांची अंडी-पिल्लं आहेत आणि वारूळ जागा बदलतंय. जोरदार पावसाने बिळात पाणी शिरल्यावर असं होतं. घरातच पंखांच्या मुंग्या बाहेर पडत असतील तर वारूळ बहुधा भिंतीत किंवा चौकटीत आहे. आणि मुंग्या फिकट पिवळट, जेमतेम २ मिलिमीटरच्या असतील तर फवारा अजिबात मारू नका. अशा मुंग्यांची एक जात घरात राहते आणि फवारा मारला की तिचं वारूळ फुटून एकाची अनेक होतात. तिथे खाण्यातून सावकाश वारुळापर्यंत पोहोचणारं आमिषच चालतं.

यांपैकी काही दिसलं तर आम्हाला फोन करा. त्याआधी दोन-तीन मुंग्या पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवून ठेवा आणि रांग जिथून निघते त्या जागेचा फोटो काढा. जात ओळखता आली की कोणतं आमिष आणायचं ते आम्हाला आधीच ठरवता येतं.