कागदाच्या फुग्याखाली पेटलेला विस्तव

२१ नोव्हेंबर १७८३ च्या दुपारी पॅरिसच्या पश्चिमेकडील ला म्युएत या राजवाड्याच्या बागेतून सुमारे २१ मीटर उंचीचा, म्हणजे सात मजली इमारतीएवढा, एक फुगा दोन माणसांना घेऊन वर गेला. त्याचे कवच कापड आणि कागद यांचे होते आणि त्याच्या खालच्या तोंडाशी उघड्यावर गवताचा विस्तव धगधगत होता. माणसाचे पहिले मुक्त उड्डाण एवढे धोक्याचे का होते, याचे उत्तर या रचनेतच आहे, कारण फुग्याला वर नेणारी आग आणि फुग्याला जाळू शकणारी आग ही एकच होती.

हा फुगा आनोने गावचे कागद उत्पादक झोझेफ आणि एतिएन माँगोल्फिए या भावांचा होता. धुरात काही विशेष हलका वायू असतो आणि तोच फुगा उचलतो, अशी त्यांची समजूत होती. म्हणून ते भरपूर धूर व्हावा अशा बेताने गवत आणि लोकर जाळत. खरे कारण साधे होते. हवा तापली की प्रसरण पावते, त्यामुळे तेवढ्याच जागेत तिचे वजन कमी भरते. बाहेर थंडीच्या दिवसातली १० अंश सेल्सिअसची हवा असेल, तर तिच्या एका घनमीटरचे वजन साधारण सव्वा किलो असते. तीच हवा १०० अंशांपर्यंत तापवली तर ते ९५० ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे उचलण्याची ताकद मिळते ती केवळ ३०० ग्रॅम. सत्तर किलोच्या एका माणसालाच २३० घनमीटरहून अधिक गरम हवा लागते, आणि कापड, दोर, सज्जा, अग्निपात्र व इंधन यांचा भार वेगळाच. म्हणूनच फुगा इतका अवाढव्य होता.

माणसाला वर पाठवण्याआधी, १९ सप्टेंबरला व्हर्साय येथे राजा सोळावा लुई याच्यासमोर एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा यांना फुग्याखाली टांगलेल्या पिंजऱ्यातून आकाशात पाठवण्यात आले. त्या उंचीवर श्वास घेता येतो की नाही, हाच प्रश्न होता. सुमारे आठ मिनिटांनी तिन्ही प्राणी जिवंत उतरले. पहिली माणसे म्हणून मृत्युदंड झालेले कैदी पाठवावेत, असा राजाचा विचार होता. परंतु हा मान पिलात्र द रोझिए या तरुण विज्ञानशिक्षकाने आणि मार्की दार्लांद या सरदाराने मिळवला.

उड्डाणाच्या दिवशीच, दोर बांधून घेतलेल्या चाचणीत वाऱ्याने फुगा फाटला आणि तो घाईने शिवून घ्यावा लागला. तोल राहावा म्हणून दोघे फुग्याच्या तोंडाभोवतीच्या गोल सज्जावर समोरासमोर उभे राहिले आणि आपापल्या बाजूने विस्तवात गवत टाकत राहिले. ते थांबवणे शक्य नव्हते. फुग्यातील हवा दोन हजार घनमीटर धरली आणि ती केवळ दहा अंशांनी निवली, तर उचलण्याची ताकद पन्नास किलोंच्या आसपास घटते, म्हणजे जणू आणखी एक माणूस सज्जावर चढून बसावा. खाली पसरलेले पॅरिस पाहण्यात दार्लांद रमून गेला की फुगा नदीकडे उतरू लागे आणि रोझिए त्याला आगीची आठवण करून देई. पण आग वाढवली की ठिणग्या वर उडत. दार्लांदने वर पाहिले तेव्हा कापडाला गोल भोके पडलेली दिसली. कडेने ती अजून जळत होती. त्याने हाताशी ठेवलेल्या ओल्या स्पंजने ती विझवली. दोरही तुटू लागले होते. मला या संपूर्ण कथेत तो स्पंजच सर्वांत बोलका वाटतो. आग कापडाला लागणार हे त्यांनी गृहीतच धरले होते आणि सोबत पाण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता.

दिशा वाऱ्याच्या हाती होती. सुमारे २५ मिनिटांत नऊ किलोमीटर जाऊन ते ब्युत-ओ-काय या टेकडीवर, पवनचक्क्यांच्या परिसरात उतरले. निवलेले कापड रोझिएच्या अंगावर कोसळले आणि त्याला त्याखालून सरपटत बाहेर यावे लागले.

दोन वर्षांनी याच रोझिएने इंग्लिश खाडी ओलांडण्यासाठी वेगळी युक्ती केली. हायड्रोजन पुष्कळ हलका, पण तो भरलेल्या फुग्याची उंची राखण्यासाठी वर जाताना वजन आणि खाली येताना वायू टाकावा लागतो. म्हणून त्याने हायड्रोजनच्या फुग्याखाली गरम हवेचा फुगा जोडला, जेणेकरून आग कमी-जास्त करून उंची साधता यावी. हायड्रोजन अत्यंत ज्वलनशील असतो, हे त्या काळीही ठाऊक होते. १५ जून १७८५ रोजी बूलोनहून तो आणि पिएर रोमँ निघाले. वाऱ्याने त्यांना किनाऱ्याकडे परत लोटले, आणि काही वेळातच फुगा शेकडो मीटर उंचीवरून विमरो गावाजवळ कोसळून दोघेही मरण पावले. हायड्रोजन पेटला की कवच आधी फाटले, यावर आजही मतभेद आहेत.