कॉपी झाली, पण पेनड्राइव्ह अजून काढू नका

शहापूरच्या एका फोटो स्टुडिओवाल्या दादांनी लिनक्सच्या मशीनवरून लग्नाचे 600 मेगाबाइट फोटो पेनड्राइव्हवर घेतले. कॉपीची पट्टी पाच-सहा सेकंदांत भरली. त्यांनी लगेच पेनड्राइव्ह उपसला आणि कोल्हापूरची गाडी धरली. तिथं अल्बमच्या लॅबमध्ये बघितलं तर फोटोंची नावं दिसत होती, पण निम्मेअधिक फोटो उघडेनात. आम्ही तपासला तेव्हा पेनड्राइव्ह ठणठणीत निघाला.

मग झालं काय? कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला पेनड्राइव्हला थेट हात लावता येत नाही, प्रोसेसरच त्याला तशी मुभा देत नाही. त्याला कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, विनंती करावी लागते. कर्नल फोटो आधी रॅममध्ये उतरवून घेतो आणि 'घेतलं' असं कळवतो. बस स्टँडच्या खिडकीवर पार्सल दिलं की पावती मिळते, पण पार्सल गाडीत चढायचं बाकी असतं, तसंच हे. पट्टी दिसते ती पावतीची.

कर्नल असं करतो ते आपल्या सोयीसाठीच. रॅम वेगवान, पेनड्राइव्ह संथ. प्रत्येक तुकडा लिहून होईपर्यंत प्रोग्रामला थांबवलं तर मशीन अडखळत चालेल.

दादांचा पेनड्राइव्ह सेकंदाला साधारण 10 मेगाबाइट लिहितो, म्हणजे 600 मेगाबाइटला एक मिनिट हवं. त्यात लिनक्सचा कर्नल नेहमीच्या सेटिंगमध्ये थोडा माल 30 सेकंद रॅममध्ये पडून राहू देतो, मगच लिहायला घेतो. फार साठला तर आधी सुरुवात करतो. पट्टी भरल्यावर मिनिटभर तरी धोका होताच.

किती माल अडकलाय ते तुम्ही स्वतः बघू शकता:

```
grep Dirty /proc/meminfo
sync
```

पहिल्या ओळीने `Dirty` पुढे आकडा येतो. 600 मेगाबाइट अडकले असतील तर तो 6 लाख kB च्या आसपास दिसेल. दुसरी ओळ कर्नलला सगळं लिहून काढायला लावते आणि ते होईपर्यंत परत येत नाही. मग पहिली ओळ पुन्हा चालवा, आकडा शून्याजवळ आलेला असेल. टर्मिनल नको असेल तर फाइल मॅनेजरमध्ये Eject दाबा, त्यातही हेच होतं. 'आता काढा' असा निरोप येईपर्यंत मात्र हात लावू नका.

विंडोज 10 च्या 2018 मधल्या 1809 आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी असं साठवून ठेवणं मुळातच बंद असतं. तरी कॉपी चालू असताना काढला तर फाइल अर्धवट राहतेच.

लाईट गेली तरी हाच प्रकार घडतो, कारण रॅममधलं तेवढ्यात पुसलं जातं. हिशेबाची चांगली सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीनंतर कर्नलकडून पक्कं लिहून घेतात, साधे प्रोग्राम तसं करतीलच असं नाही. म्हणून यूपीएस लावा.

दादांचे फोटो वाचले, कारण कॅमेऱ्याचं कार्ड त्यांनी अजून फॉरमॅट केलं नव्हतं.