परिवीक्षा, पॅरोल आणि सुटका रद्द होणे (मराठवाडा)

परिवीक्षा म्हणजे कोर्टाच्या बोलीभाषेतले ‘प्रोबेशन’. गुन्हा शाबीत होतो, पण न्यायालय शिक्षा न सुनावता आरोपीला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडते. हे अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 4 खाली घडते. फाशी किंवा जन्मठेपेस पात्र गुन्ह्यांना हे कलम लागत नाही. पॅरोल वेगळा. तो शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला मिळतो, कारागृहाच्या कागदांत त्याला ‘अभिवचन रजा’ म्हणतात आणि त्याचा निर्णय न्यायालय नव्हे, प्रशासन घेते. गावात दोन्हींना ‘सुटून आला’ असेच म्हणतात आणि पुढचे बरेच घोटाळे तिथूनच सुरू होतात.

बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त 3 वर्षे. न्यायालयाने देखरेखीचा आदेशही दिला, तर ती देखरेख किमान 1 वर्षाची असावी लागते. ठरलेल्या ठिकाणी राहणे, नशापाणी न करणे, पुन्हा गुन्हा न करणे आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला ठरल्याप्रमाणे भेटणे या नेहमीच्या अटी. त्या आरोपीला समजावून सांगणे आणि आदेशाची एकेक प्रत त्याला, जामीनदाराला व अधिकाऱ्याला देणे न्यायालयावर बंधनकारक आहे. आरोपीला किंवा जामीनदाराला त्या हद्दीत कायमचे घर किंवा नियमित कामधंदा आहे, याचीही न्यायालयाने खात्री करायची असते.

मराठवाड्यात अडचण येते ती राहण्याच्या अटीवर. समजा, बीड जिल्ह्यातल्या एका तरुणाने शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात कोयता चालवला आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 118(1) खाली तो दोषी ठरला. या गुन्ह्याला जास्तीत जास्त 3 वर्षे कैद आहे. पहिलाच गुन्हा म्हणून जूनमध्ये त्याला 2 वर्षांच्या बंधपत्रावर देखरेखीखाली सोडले, चुलता जामीनदार राहिला. अटी दोन: गाव सोडायचे नाही आणि महिन्यातून एकदा हजेरी. त्याने ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी कोल्हापूरकडे निघाली की तो बायकोसह गेला आणि घराला कुलूप लागले. पुढच्या हजेऱ्या चुकल्या.

अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा अन्य माहितीवरून अटभंग झाला असे न्यायालयाला वाटले, तर परिवीक्षा अधिनियमाचे कलम 9 सुरू होते. न्यायालय अटक वॉरंट काढू शकते किंवा त्याला व जामीनदाराला समन्स पाठवू शकते. हजर झाल्यावर सुनावणी होईपर्यंत त्याला कोठडीत ठेवता येते किंवा जामिनावर सोडता येते. सुनावणी घेऊन अटभंग झाल्याची खात्री पटली, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येते. भंग पहिल्यांदाच झाला असेल, तर बंधपत्र चालू ठेवून 50 रुपयांपर्यंत दंड लावण्याचाही पर्याय असतो. तो मुदतीत भरला नाही, तर पुन्हा शिक्षेचाच रस्ता. पन्नास रुपयांत आज तालुक्याला जाऊन यायचे भाडेही निघत नाही, पण ही मर्यादा 1958 च्या कायद्यात लिहिलेली आहे. दंड की कैद, हे ठरवताना न्यायालयाला खरे पाहायचे असते ते हे, की माणूस पोटासाठी बाहेर गेला की देखरेख चुकवायला. मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव आणि निघण्याआधी अधिकाऱ्याला कळवल्याचा कागद असेल, तर हा फरक दिसतो. चुलत्याचे ‘साहेब, तो ऊस तोडायला गेलाय’ एवढे तोंडी सांगणे पुरत नाही.

हे टाळण्याची सोय कलम 8 मध्ये आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावर न्यायालय अटी बदलू शकते, मुदत कमी किंवा जास्त करू शकते. मूळ आदेशापासून 3 वर्षांपुढे मात्र नाही. आरोपी व जामीनदाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय बदल होत नाही. म्हणून टोळी निघण्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबरातच, अधिकाऱ्याला लेखी सांगावे लागते. हंगामापुरता पत्ता बदलून घ्यायचा आणि हजेरी फोनवर किंवा परतल्यावर मागायची. अर्ज अधिकाऱ्यानेच करायचा असल्याने त्याला वेळ मिळायला हवा.

मूळ गुन्ह्याची शिक्षा झालीच, तर आणखी एक गोष्ट हातची जाते. परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता कलम 12 मुळे लागत नाही, पण नंतर शिक्षा झाल्यावर हे संरक्षण उरत नाही.

पॅरोलला महाराष्ट्रात फर्लो व पॅरोल नियम लागू आहेत. फर्लो म्हणजे ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर कैद्याला मिळणारी रजा. हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहातून सुट्टीवर निघालेल्या कैद्यालाही जामीनदार, राहण्याचा पत्ता आणि पोलीस ठाण्यातील हजेरी अशा अटी असतात. त्याने मुदतीत परत हजर व्हायचे असते. उशीर झाला, तर कारागृहाच्या नियमांनुसार शिक्षा होते, शिक्षेत मिळालेली माफी कापली जाऊ शकते, गुन्हाही दाखल होऊ शकतो आणि पुढच्या सुट्टीच्या अर्जावर त्याची सावली पडते. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. सुटकेची तारीख मोजताना घरचे लोक इथेच चुकतात.